मावशीची ट्यूब

सहाव्या महिन्यात माझ्या दोन्ही गालांवर वांग आला आणि हनुवटीवर पिंपल्स. डोहाळजेवण तीन आठवड्यांवर होतं. मावशीने तिच्या नेहमीच्या क्रीमची ट्यूब आणून हातात ठेवली. "अगं, पंधरा दिवसांत चेहरा स्वच्छ होतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते, चिठ्ठीबिठ्ठी काही लागत नाही."

ट्यूबवर मात्र आरएक्स छापलेलं होतं आणि बाजूला लाल रेघ. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं या नियमाखाली आणली, तरी ती काउंटरवरून सहज मिळतात. मी मागची बारीक अक्षरं वाचली: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. वांगासाठी भारतात सर्रास वापरलं जाणारं हे तीन औषधांचं मिश्रण. गरोदरपणात ते नको, पण तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

हायड्रोक्विनोन त्वचेत रंग तयार होण्याची प्रक्रिया रोखतं. अडचण अशी की लावलेल्यापैकी एक तृतीयांशाहून जास्त शरीरात शोषलं जातं. मलमासाठी हे प्रमाण फार मोठं आहे. त्याने बाळात व्यंग येतं असं सिद्ध झालेलं नाही, पण एवढं रक्तात जात असताना निव्वळ डागांसाठी ते कशाला घ्यायचं?

ट्रेटिनॉइनचं उलट आहे. ते त्वचेतून फारच थोडं आत जातं. पण ते 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. याच घराण्यातली आयसोट्रेटिनॉइन ही पिंपल्सची गोळी गर्भाच्या मेंदू, हृदय आणि चेहऱ्यावर गंभीर परिणाम करते. म्हणून दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी ती थांबवावी लागते. मलम आणि गोळी यांत मोठा फरक आहे, तरी खबरदारी म्हणून ट्रेटिनॉइन, ॲडापलीन आणि सीरममधलं रेटिनॉल बंद ठेवतात. दिवस गेल्याचं कळायच्या आधी कोणी हे मलम लावलं असेल, तर घाबरून जायचं कारण नाही. थांबवायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

तिसरं मोमेटासोन, म्हणजे स्टिरॉइड. पंधरा दिवसांतली जादू बरीचशी याची. महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, पिंपल्सही वाढतात. बंद केलं की चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून माणूस परत तेच लावतो. "बंद केलं की डाग परत येतात गं," असं मावशी स्वतःच म्हणाली. मी तिला आधी स्वतःच्या गालांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगितलं. एकदम बंद करू नकोस, असंही.

मला डॉक्टरांनी ॲझेलेइक ॲसिड दिलं, १० टक्क्यांचं. गहू, बार्लीसारख्या धान्यांत हे नैसर्गिकरीत्या असतं, त्वचेतून थोडंच शोषलं जातं, आणि पिंपल्स व डाग दोन्हींवर चालतं. पहिला आठवडा एक दिवसाआड रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं. पाच-दहा मिनिटं चुणचुणतं, ते ठीक. सकाळपर्यंत लाली राहिली तर दिवस कमी करायचे. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे डोहाळजेवणाच्या फोटोंत डाग आहेतच. एखादा मोठा पिंपल आला तर त्यावर अडीच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड चालतं. फक्त उशीचे अभ्रे पांढरे निवडा, रंगीत कापडाचा रंग उडतो. सॅलिसिलिक ॲसिडचा साधा फेसवॉश चालतो, पण त्याचे कडक पील नकोत.

वांगासाठी मात्र निम्मं काम सनस्क्रीनचं. नाशिकच्या एप्रिलमध्ये स्कार्फ बांधून गंगापूर रोडला जाणं एवढं पुरत नाही. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि तो खिडकीच्या काचेतून आत येतो. माझं टेबल खिडकीशी होतं, ते हलवलं. सनस्क्रीन टिंटेड घेतलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड हा प्रकाश अडवतं. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर मावेल एवढं, आणि बाहेर असले तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा.

बाळंतपणानंतर अनेकींचा वांग काही महिन्यांत आपोआप फिका होतो, सगळ्यांचा नाही. तेव्हा ट्यूब पुन्हा खुणावते. अंगावर पाजत असताना आयसोट्रेटिनॉइनची गोळी आणि हायड्रोक्विनोन नकोच. ॲझेलेइक ॲसिड सुरू ठेवता येतं, पण स्तनांवर काहीही लावायचं नाही आणि बाळाला घेण्याआधी हात धुवायचे. बाळ दूध पिऊन झालं की तोंड आपल्या गालावरच घासतं. म्हणून क्रीम ते झोपल्यावर लावायचं.