रोस्टर भरलेलं दिसतं, तेव्हाच जास्त भीती वाटते

तालुक्याच्या गावातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. सहा बेड, त्यात दोन व्हेंटिलेटर. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला पुढचं रोस्टर लावते.

हिशोब साधा आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक सिस्टर, बाकीच्या दोघांत एक. म्हणजे प्रत्येक शिफ्टला चौघी. तीन शिफ्ट, तीस दिवस: ३६० ड्युट्या. साप्ताहिक सुट्टी, नाईट ऑफ आणि रजा वजा केल्या की एकीच्या वाट्याला महिन्याला २२ ड्युट्या येतात. आम्ही बारा जणी, म्हणजे २६४. उरलेल्या ९६ कुठून आणायच्या?

कुठूनच नाही. चौघींऐवजी तिघी लावायच्या, कुणाला डबल करायला लावायचं, आणि कागद भरून द्यायचा. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

गेल्या गणपतीत रजांचे अर्ज आले. बारा जणींत व्हेंटिलेटर एकटीने सांभाळू शकणाऱ्या पाचच, त्यातल्या दोघी रजेवर. मी मात्र डोकी मोजली. नाईट सगळ्यांना सारख्या वाटल्या, कुणाची तक्रार नको म्हणून. एका रात्री तिन्ही चौकटी भरलेल्या होत्या, पण तिघीही नवीन. व्हेंटिलेटरचा प्रेशरचा अलार्म वाजत होता आणि ती पोरगी तो बंद करत होती. नळीत कफ साचला होता, सक्शन हवं होतं, हे तिला कळलं नाही. कॅज्युअल्टीतले डॉक्टर वर आले म्हणून पेशंट वाचला. चूक तिची नव्हती, माझ्या कागदाची होती.

तेव्हापासून क्रम बदलला. नावासमोर ‘व्ही’ म्हणजे व्हेंटिलेटर येणारी. आधी फक्त ‘व्ही’वाल्यांच्या नाईट लावते: रोज किमान एक, सलग चारपेक्षा जास्त नाही, मग नाईट ऑफ. ते बसल्यावरच रजा मंजूर करते. दोन ‘व्ही’ना एकाच आठवड्यात रजा नाही, सण असला तरी. बाकीच्यांच्या नाईट नंतर, दिवसपाळ्या सगळ्यांत शेवटी. तळाशी एक ओळ, त्या रात्री किती ‘व्ही’ आहेत. शून्य आलं की कागदावर सही करत नाही.

यात ‘व्ही’वाल्यांना नाईट जास्त पडतात, हे खरंय. त्या चिडतातही. त्यावर उपाय एकच, दर नाईटला एक नवीन मुलगी त्यांच्या हाताखाली शिकवून तयार करायची. सध्या पाचाच्या सात झाल्यात.

दुसरा बदल वरच्यांना आवडला नाही. चौथी चौकट मी आता रिकामी ठेवते, लाल रंगात ‘रिक्त’ लिहून. महिन्याची बेरीज खाली, सहीसकट वर पाठवते. आधी ‘रोस्टर तर फुल्ल आहे’ म्हणणारे आता ९६ आकडा वाचतात. दोन कंत्राटी सिस्टर मिळाल्या. आता आकडा ५२ आहे.

रोस्टर लावणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, रिकामी चौकट ओढूनताणून भरू नका. ती भरली की जागा कमी आहेत हे कुणाला दिसतच नाही.