पेरांवर मोजलेला श्वास

मार्च अखेरीला आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते, त्यात यवतमाळचं ऊन. समोर रांग असतानाच एकदम छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, हवा पुरत नाही असं वाटतं. मला हे दोन-तीनदा झालं. पहिल्याच वेळी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढला, तो चांगला निघाला.

मग सगळे सांगतात, "ताई, खोल श्वास घ्या." पण घाबरल्यावर आपण आधीच जास्त श्वास घेत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मुंग्या, चक्कर त्यामुळेच येतात. म्हणून घ्यायचा श्वास लहान ठेवून सोडायचा लांबवावा. तोंड मिटून, नाकाने. घेताना तीन अंक, सोडताना सहा.

कायोत्सर्गात नऊ णमोकार 27 श्वासांत म्हणतात, म्हणजे एकाला तीन श्वास. टेबलाशी बसून तेच करते. तीन बोटांची नऊ पेरं, एका पेरावर एक णमोकार, अंगठा सरकत जातो. डोळे रजिस्टरवर, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं बाई बेरीज करतेय! सगळं मिळून चारेक मिनिटं लागतात. मुंग्या ओसरल्या आणि रजिस्टरातली रक्कम एकदाच वाचून कळली, की समजावं उतार पडला.

दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, तर मात्र मोजत बसू नये. शेजारणीला सांगून थेट दवाखाना गाठावा. आणि मोजण्यानेच जीव गुदमरला तर मोजणं सोडून तळवे जमिनीला दाबून नुसतं बसावं.