तासाचा भाव

मुंबईची नोकरी सोडून अलिबागला घरी आलो, तेव्हा दोन वर्षांत ठरवायचं होतं की इथेच राहायचं की परत जायचं. दुसरं वर्ष संपत आलं होतं. खात्यात पैसे येत होते, पण दिवस कुठे जातो ते कळत नव्हतं. म्हणून डिसेंबरचा पूर्ण महिना प्रत्येक कामाचा वेळ लिहून काढला.

फोनवर एक साधी शीट केली. त्यात चार रकाने: तारीख, कोणाचं काम, नेमकं काय केलं आणि किती मिनिटं. नियम एकच, जागेवरून उठण्याआधी नोंद करायची. रात्री आठवून लिहिलं की डिझाइनचे दोन तास लक्षात राहतात, पण मधले चार-चार मिनिटांचे सहा फोन गळून जातात. आणि खरी गळती तिथेच असते.

महिनाअखेरीस प्रत्येक कामाच्या पैशाला त्याच्या एकूण तासांनी भागलं. नागावच्या एका होमस्टेच्या इन्स्टाग्राम पोस्टचे महिन्याला ९,००० रुपये मिळत होते. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. प्रत्यक्ष पोस्ट करायला १४ तास लागले. पण व्हॉट्सॲपवरचे बदल ११ तास, फोटोसाठीच्या फेऱ्या ७ तास आणि पैशांची आठवण करून देण्यात ४ तास. एकूण ३६. म्हणजे तासाला २५० रुपये.

दुसरीकडे, एका पुस्तिकेच्या मराठी अनुवादाचे ७,२०० रुपये मिळाले. मजकूर एकदाच आला, बदलही एकदाच, वेळ १२ तास. म्हणजे तासाला ६०० रुपये. मी याला किरकोळ काम म्हणत होतो.

तरी होमस्टे लगेच सोडला नाही. त्या मालकांच्या ओळखीने मला आणखी दोन कामं मिळाली होती, आणि ते शीटमध्ये कुठेच दिसत नाही. शिवाय डिसेंबर म्हणजे आमचा सीझन. पावसाळ्यात मांडव्याच्या साध्या लाँच बंद असतात, पर्यटक कमी होतात, तेव्हा हाच हिशेब वेगळा येईल. एका महिन्यावरून वर्षाचा भाव काढता येत नाही, म्हणून जुलैतही नोंद करणार आहे.

बदलल्या त्या अटी. मालकांना नोंदी दाखवल्या आणि सांगितलं, "दादा, दोनदा बदल याच पैशांत, त्यापुढे तासाप्रमाणे. फोटो महिन्यातून एकाच दिवशी काढू." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "एवढा वेळ जातो होय?" जानेवारीत बदलांचे तास ११ वरून ४ वर आले, फेऱ्यांचे ७ वरून ४ वर. एकूण २६ तास, म्हणजे तासाला साधारण ३४५ रुपये. पैसे तेवढेच, पण दहा तास सुटले.

ते दहा तास आता अनुवादाला देतोय. मिळेल तेवढं काम घेतलं तर घराचा खर्च भागतो. मुंबईला परत जायचा विचार सध्या जुलैपर्यंत पुढे ढकललाय.