काजळचे नऊ फोटो

पुणे, रविवार

चि. ईशास,

काजळचे नऊही फोटो मिळाले. कुत्री दत्तक देण्याच्या निवेदनात कोणता आधी लावायचा, असं विचारलं आहेस. घरात मतदान झालं आणि मांडीवर झोपलेल्या काजळला सर्वाधिक मतं पडली. माझ्या क्रमवारीत मात्र तो फोटो सातवा आहे.

कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका तपकिरी कुत्र्याचा फोटो कुणीतरी उभ्याने, वरून, अगदी जवळून काढला होता. मोबाइलला जवळ असलेली वस्तू मोठी दिसते. त्यामुळे डोकं भलंमोठं, मागे अंग चिमुकलं, जणू चार महिन्यांचं पिल्लू. एका खोलीत राहणारं कुटुंब हौसेने आलं. समोर बावीस किलोंचा गडी उभा! भिडेखातर नेला आणि चौथ्या दिवशी परत आणला. कुत्रा शहाणा होता, माणसंही भली होती. खोटं बोलला तो फोटो.

म्हणून अनोळखी माणसाच्या नजरेने बघावं: या फोटोतून स्वभाव कळतो का, तब्येत कळते का, आकार कळतो का? तिन्ही कळत असतील तो पहिला. या हिशेबात आजोबांच्या शेजारी उभी असलेली काजळ जिंकते. तिचा खांदा त्यांच्या गुडघ्याच्या किंचित खाली येतो, म्हणजे उंचीचा अंदाज आपोआप बसतो. साखळी सैल लोंबते आहे, शेपूट ढिली आहे, कान ताठ नाहीत आणि मागे चिकटलेलेही नाहीत. आजोबांचा हात पाठीवर असूनही ती अंग चोरत नाही. म्हाताऱ्या माणसाजवळ ती शांत राहते, हे ओळीत लिहून पटलं नसतं.

दुसरा क्रमांक गॅस सिलिंडरजवळच्या बाजूने काढलेल्या फोटोला. दिसायला रुक्ष, पण उपयोगी. सिलिंडर केवढा असतो हे घरोघरी ठाऊक असतं. बाजूने पोट आणि कंबर दिसते: फासळ्या वर आलेल्या नाहीत, पोट सुटलेलं नाही, चारही पायांवर वजन सारखं आहे. कानाचा कापलेला कोपराही इथेच स्पष्ट दिसतो. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी झाल्याची ती खूण. रुमाल बांधलेल्या फोटोत नेमका तोच कान झाकला गेला आहे, म्हणून तो आठवा.

तिसरा, ओसरीवर बसून थेट कॅमेऱ्याकडे पाहणारी काजळ. तू जमिनीवर बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलास, हे छान केलंस. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅब्राडॉर-मिश्र कुत्र्यांचे फोटो तपासले होते. कॅमेऱ्याकडे पाहणारी, उभी असलेली, बाहेर टिपलेली कुत्री लवकर दत्तक गेली होती. आपली बसलेली आहे, एवढाच फरक. ती उणीव पहिला फोटो भरून काढतो.

चेंडूमागे धावतानाचा चौथा. थोडा हललेला आहे, पण उत्साह दिसतो. मोटारीतला ‘हसरा’ फोटो मी पाचवा ठेवला होता, मग मोठा करून पाहिला. जीभ लांब बाहेर, ओठांचे कोपरे मागे ताणलेले, डोळ्याच्या कडेला पांढरं. ते हसू नव्हे, उकाडा किंवा भीती. तो काढूनच टाक. रात्री फ्लॅश मारून काढलेलाही नको: डोळे हिरवे चमकतात आणि काळ्या अंगाचा नुसता ठिपका उरतो.

काळ्या कुत्र्याची हीच अडचण. भर उन्हात अंग काळंकुट्ट येतं, तब्येत कळतच नाही. सकाळी सावलीत, फिकट भिंतीपुढे उभी कर, पडद्यावर तिच्या अंगावर बोट टेकव आणि उजेड किंचित वाढव. केसांची चमक दिसेल. फिल्टर मात्र नको. मांडीवरचा फोटो सातवा झाला त्याचं निम्मं पाप त्या गुलाबी फिल्टरचं. उरलेलं आकार लपवण्याचं.

खरूज झाली होती तेव्हाचा, केस गळालेला फोटो लोकांना नकोसा वाटेल, तरी मी तो वगळणार नाही. शेवटी ठेव आणि खाली तारीख लिही, म्हणजे तो आजचा नाही हे कळेल. तारखेविना तो सगळ्यांत घातक ठरेल.

एक फोटो मात्र नाहीच आहे. तिच्या डाव्या मांडीवरचा जुना व्रण, जिथे केस पुन्हा आले नाहीत. घ्यायला येणाऱ्या माणसाला तो दारात दिसला तर पुढचं सगळंच संशयास्पद वाटेल. उद्या ऊन चढायच्या आत तेवढा काढून पाठव. काजळला आधी पोळीचा तुकडा दे, नाहीतर ती मागचा पाय दाखवायची नाही.

तुझी,
मंगलमावशी