कुलूपबंद पानावरील दुरुस्त्या

मुद्रितशोधन आता कागदाच्या समासातून पडद्यावरील पीडीएफ प्रतीत आले आहे. लेखक पुष्कळदा ही प्रत कुलूपबंद करून पाठवितो. ती वाचता येते, तिच्यावर टिपणे लावता येतात. पण मजकुराला हात लावता येत नाही. आम्हांस हे बंधन रास्तच वाटते. शब्द लेखकाचे, तेव्हा ते बदलण्याचा अधिकारही त्याचाच. मात्र प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रतीत त्यालाच करावयाची असल्याने आपले टिपण निःसंदिग्ध असले पाहिजे.

टिपणांना मुभा आहे की नाही, हे आधी पाहावे. अॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रतीच्या माहितीतील `Security` या भागात `Commenting` या शब्दापुढे `Allowed` असे दिसते. तसे नसल्यास कुलूप फोडण्याच्या फंदात न पडता लेखकाकडे दुसरी प्रत मागावी.

समजा, एखाद्या चर्चच्या इतिहासात 'सणाच्या दीनी ग्रामस्थ देवळात जमले' असे वाक्य आहे. चूक केवळ वेलांटीची. पण तेवढीच वेलांटी पडद्यावर निवडू गेल्यास भलताच तुकडा हाती येतो. म्हणून 'दीनी' हा सबंध शब्द निवडावा, `Replace text` हे साधन घ्यावे आणि चौकटीत फक्त 'दिनी' लिहावे. 'वेलांटी ऱ्हस्व करावी' असा उपदेश किंवा 'कृपया' हा शिष्टाचारही तेथे नको. चौकटीतील शब्द लेखकाला जसाच्या तसा उचलून मूळ जागी ठेवता आला पाहिजे. मूळ प्रत जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात असेल तर ही सोय उरत नाही. लेखकाला तो शब्द नव्याने टंकावा लागतो. पीडीएफमधील शब्द उचलून अन्यत्र ठेवताच निरर्थक अक्षरे उमटली, तर बहुधा तसेच आहे असे समजावे.

शंका ही दुरुस्ती नव्हे. एका पानावर १८५२ आणि दुसऱ्यावर १८५८ असे वर्ष आढळले, तर आपण निवाडा करू नये. दोन्ही आकडे रंगवून टिपणाचा आरंभ 'प्रश्न' या शब्दाने करावा आणि दुसऱ्या स्थळाचा छापील पृष्ठांक द्यावा. आज्ञा कोणती व विचारणा कोणती, हे लेखकाला पाहताक्षणी उमगते.

तीच चूक पाच ठिकाणी असेल तर पाच टिपणे लावावीत. 'दीनचे सर्वत्र दिन करावे' असे एकदाच लिहून मोकळे झालो, आणि लेखकाने ते यंत्राकरवी केले, तर 'दीनदुबळे' हा शब्दही 'दिनदुबळे' होऊन बसतो! शुद्ध असलेले पान आपल्या टिपणाने बिघडते.

अशी प्रत परत गेली की लेखक टिपणांची यादी पृष्ठक्रमाने उघडतो. टिपणावर बोट ठेवताच ते स्थळ समोर येते. दुरुस्ती करून तो त्यापुढे खूण करतो. खूण नसलेले टिपण म्हणजे राहिलेले काम. नवी प्रत आली की आपणही तीच यादी हाती घेऊन एकेक स्थळ ताडून पाहावे.