वास सुटेपर्यंत

उपम्याच्या पाककृतीत एक वाक्य हमखास भेटते : खमंग वास सुटेपर्यंत रवा मंद आचेवर भाजावा. वाटी, चमचा, मिनिटे असा हिशेब देणारी ही भाषा नेमक्या याच जागी मोजमाप सोडून देते आणि वाचणाऱ्याच्या नाकावर विसंबते. त्यात मला वर्षानुवर्षे काही खटकले नव्हते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने माझे नाक निकामी केले, तेव्हा हे वाक्य मला वाचता येईनासे झाले.

आजारातून उठल्यावर पहिल्यांदा उपमा करायला घेतला, तेव्हा सवयीने वासाची वाट पाहत ढवळत राहिलो. वास आला नाही. रवा आधी बदामी, मग तपकिरी झाला. पाणी घातल्यावरही त्याचा कडवटपणा गेला नाही. दुसऱ्या वेळी धास्तीने फार लवकर उतरवला, तर उपम्याचा गिचका झाला. कच्च्या रव्यातले बारीक पीठ पाण्यात खळीसारखे पसरते आणि कण एकमेकांना धरून बसतात. भाजल्याने कण कोरडे होतात, त्यांतल्या प्रथिनांचा चिकटपणा मोडतो आणि प्रत्येक कण पाणी पिऊनही सुटा राहतो. सुगंध हा या बदलाच्या जोडीने येणारा, म्हणजे तसा केवळ निरोप्या. (साहित्याच्या विद्यार्थ्याने चिन्हालाच अर्थ समजावे, हे जरा लाजिरवाणेच.)

मग घड्याळ लावले. एक वाटी जाड रवा, जाड बुडाची लोखंडी कढई, मंद आच : आठ मिनिटांत काम चोख झाले. वाटले, सुटलो. पण पुढच्या रविवारी पाहुण्यांसाठी तीन वाट्या रवा त्याच कढईत, तेवढाच वेळ भाजला आणि पुन्हा गिचका पदरी आला. थर जाड झाला की तळचा रवा तापतो, वरचा नुसता कोमट राहतो. आच मोठी करून वेळ वाचवायला जावे, तर कढईला टेकलेले कण करपतात, बाकीचे कच्चेच राहतात, आणि रवा ठिपक्याठिपक्यांचा दिसू लागतो. तसा दिसला की आच चुकली असे खुशाल समजावे.

आईला फोनवर हे सांगितले. ती म्हणाली, "अरे, कालथ्याकडे लक्ष दे ना. कच्चा रवा जड असतो, ढकलावा लागतो. भाजला की आपणच पळतो."

ते खरे निघाले. पहिली तीन-चार मिनिटे रवा कालथ्यापुढे ढिगाने सरकतो आणि आवाज दबका येतो. पुढे ओल उडते, कण सुटे होतात आणि कालथ्यावरून कोरड्या वाळूसारखे घरंगळतात. आवाजही मोकळा, खसखसता होतो. याला मी माझी एक जोड दिली : चिमूटभर कच्चा रवा पांढऱ्या बशीत काढून ठेवतो आणि त्याच्या शेजारी कढईतला टाकून पाहतो. उपम्यासाठी शिऱ्यासारखा गुलाबी रंग नको. कच्च्यापेक्षा किंचित साईकडे झुकलेला पुरे. तो दिसला की रवा लगेच ताटात ओतायचा. गॅस बंद करून तसाच ठेवला तर तापलेली कढई त्याला पुढे भाजत राहते. माझ्या पहिल्या फजितीत तिचाही वाटा होता.

पाण्यासाठी मात्र नाकाची गरजच नाही. एका वाटीला अडीच वाट्या पाणी. मऊ आवडत असेल तर तीन. मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता, मिरची, कांदा अशी फोडणी करून तिच्यातच पाणी आणि मीठ घालावे. बुडबुडे कडेला नव्हे, मधोमध उसळू लागले की आच कमी करून एका हाताने रवा वैरावा, दुसऱ्याने ढवळत राहावे. 'वैरणे' या क्रियापदातच बारीक धार आहे. एकदम ओतले की गुठळी बांधली जाते. बाहेरून शिजलेला लगदा आत कोरडा रवा कोंडून ठेवतो आणि मग कितीही ढवळले तरी तो फुटत नाही. थंड पाण्यात रवा उकळीची वाट पाहत हळूहळू फुगतो आणि चिकट होतो, म्हणून आधण हवेच. शेवटी झाकण ठेवून तीन-चार मिनिटे वाफ.

काही महिन्यांनी नाक परतले, पण वाकडे होऊन. कॉफी, परतलेला कांदा, भाजलेला रवा या साऱ्यांना जळक्या रबराचा वास येई. भाजण्यातून निर्माण होणारे गंध ओळखण्यातच घोटाळा होता, असे डॉक्टरांनी सांगितले. आता रवा बराचसा रव्यासारखा वास देतो. तरी बशी अजून ओट्यावर असते. परवा रवा ताटात ओतला आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, वास सुटला!" मला अजून काहीच आले नव्हते.