शेकडा दोन की शेकडा तीन?

देवास जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं लोहारदा म्हणजे खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू-हरभरा. अशा गावात खतं-औषधं विकणारा दुकानदार दोन उधाऱ्यांच्या मधोमध उभा असतो. शेतकरी माल नेतो आणि पैसे पिकावर देतो. कंपनीला मात्र ठरल्या तारखेला रक्कम हवी असते. मी माळव्यातल्या अशा दुकानांचे हिशेब बघतो, आणि बिलाच्या तळाशी छापलेली एक ओळ दरवर्षी समजावून सांगावी लागते: दहा दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सीडी, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. सीडी म्हणजे कॅश डिस्काऊंट. परदेशी बिलांवर हीच अट ‘टू टेन नेट थर्टी’ असते.

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, “दोन टक्क्यांसाठी आत्ता कशाला पैसे अडकवायचे?” गफलत इथेच होते. हे दोन टक्के वर्षाचे नाहीत, महिन्याचेसुद्धा नाहीत. ते फक्त वीस दिवसांचे आहेत, कारण पहिले दहा दिवस तर सगळ्यांनाच फुकट मिळतात.

समजा, १ जुलैला कीटकनाशकाचं दोन लाखांचं बिल आलं. ११ जुलैपर्यंत भरलं तर १,९६,००० रुपये, ३१ जुलैला भरलं तर २,००,०००. सूट सोडणारा दुकानदार कंपनीकडून १,९६,००० रुपये वीस दिवसांसाठी वापरतो आणि त्याचे ४,००० मोजतो. हे झाले २.०४ टक्के. व्याज दोन लाखांवर नव्हे, एक लाख शहाण्णव हजारांवर धरायचं, कारण हातात राहिलेली रक्कम तेवढीच. वर्षात असे सव्वाअठरा वेळा वीस दिवस बसतात, म्हणून सरळ हिशेबाने दर ३७.२ टक्के होतो. चक्रवाढीने तो साडेचव्वेचाळीसच्या वर जातो.

पण वार्षिक दर ऐकून गावात कुणी दचकत नाही. व्याज तिथे शेकड्यावर आणि महिन्यावर बोललं जातं. म्हणून मी त्याच भाषेत सांगतो: ही उधारी दरमहा शेकडा तीन रुपयांनी पडते, वर थोडे पैसे. मग मात्र कपाळाला आठी पडते, कारण तीन रुपये म्हणजे सावकारी दर हे सगळ्यांना कळतं.

बँकेत सीसीची मर्यादा शिल्लक असेल तर प्रश्नच नाही. अकरा टक्क्यांनी १,९६,००० रुपये वीस दिवस उचलले, तर व्याज साधारण १,१८० रुपये. वाचतात ४,०००. मर्यादा संपली असेल आणि बाहेरून शेकडा दोनने पैसे मिळत असतील, तरी सूट घेणंच फायद्याचं. शेकडा तीनला गणित काठावर येतं.

यात लोक एक तारीख विसरतात. दहावा दिवस चुकला की बारा-पंधरा तारखेला घाईने पैसे पाठवणारे अनेक असतात. सूट तर गेलीच, उरलेले दिवसही गेले. अकराव्या दिवशी पूर्ण रक्कम भरणारा एका दिवसाच्या मुदतीसाठी दोन टक्के देतो. त्यापेक्षा सरळ ३१ जुलैला भरावं.

उलट, तीस दिवसांनंतरही कंपनी गप्प बसत असेल तर सुटीचा दर उतरत जातो. पंचेचाळिसाव्या दिवशी भरलं तर वर्षाला २१ टक्के, साठाव्या दिवशी पंधराच्या आसपास. साधारण अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी, म्हणजे १७ सप्टेंबरला, तो बँकेच्या अकरा टक्क्यांवर येतो. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात मुदतीनंतर अठरा किंवा चोवीस टक्के व्याज लावण्याची अट बिलावर छापलेली असते, आणि पुढच्या हंगामात माल आधी कुणाला द्यायचा हे कंपनीचा प्रतिनिधीच ठरवतो. सोयाबीनवर अळी पडली असताना औषध न मिळणं कुठल्याच टक्क्यांत बसत नाही.

दहा दिवस कधीपासून मोजायचे, हेही विचारून घ्यावं. बिलाच्या तारखेपासून मोजले आणि इंदूरहून माल चौथ्या दिवशी पोचला, तर मालाकडे बघायला सहाच दिवस उरतात. पैसे पाठवल्याची तारीख धरतात की खात्यात जमा झाल्याची, यावरूनही वाद होतात.

शेवटचा मुद्दा जीएसटीचा. कीटकनाशकावर अठरा टक्के कर आहे. काही कंपन्या दोन टक्के पूर्ण बिलावर धरत नाहीत, कर वगळून उरलेल्या किमतीवर धरतात आणि क्रेडिट नोटमध्ये कर दाखवत नाहीत. दोन लाखांच्या बिलात करापूर्वीची किंमत सुमारे १,६९,४९२ रुपये, म्हणजे सूट ३,३९० रुपये. दर शेकडा तीनवरून सुमारे दोन रुपये साठ पैशांवर येतो. बँकेचा पैसा असेल तर निर्णय बदलत नाही. पण ज्याने शेकडा तीनने उचलून सूट घ्यायचं ठरवलं होतं, त्याला वीस दिवसांचं व्याज ३,९०० च्या पुढे पडतं आणि सूट मिळते ३,३९०. त्याने ३१ जुलैपर्यंत थांबावं.